सात वर्षं ‘कॅलिफोर्निया’, मग एकदम ‘मिशिगन’: फ्लूची लस का बदलावी लागली?

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेलं ‘अं’, ‘म्हणजे’ थोडं कमी केलंय, बाकी जसंच्या तसं.)

शिरवण्यातून, बाहेर पाऊस आणि आत बंद खिडक्या, अशा अवस्थेत आजचा भाग रेकॉर्ड करतोय. मधेच पत्र्यावरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

एका श्रोत्याने विचारलं होतं, “मी मागच्या वर्षी फ्लूची लस घेतली. डॉक्टर म्हणतात यंदा परत घ्या, कारण विषाणू बदलतो. पण गोवराची लस लहानपणी घेतली ती अजून चालते. मग हा फ्लूच काय दर वर्षी नवा जन्म घेतो?”

प्रश्न चांगला आहे, आणि ‘विषाणू बदलतो’ या दोन शब्दांत त्याचं उत्तर होत नाही. बदलतो म्हणजे नक्की काय बदलतं? किती बदललं की लस जुनी झाली म्हणायचं? आणि हे ठरवतं कोण? यासाठी आपण एकच प्रकरण घेऊ, आणि ते आपल्या महाराष्ट्राने चांगलंच अनुभवलेलं आहे: २००९ चा स्वाइन फ्लू.

तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात एका चौदा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला, भारतातला स्वाइन फ्लूचा तो पहिला मृत्यू. त्यानंतर पुण्यात शाळा, थिएटरं बंद, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. कोविडच्या आधीचा आपला मास्कचा अनुभव तोच. तो विषाणू एच१एन१ जातीचा होता, पण अगदी नवा. डुकरांमधल्या फ्लूच्या वेगवेगळ्या वंशांचे तुकडे एकत्र येऊन तयार झालेला. अशी मोठी उडी क्वचित पडते आणि तिला शास्त्रज्ञ ‘शिफ्ट’ म्हणतात. आजचा विषय ती उडी नाही. उडीनंतर तोच विषाणू आपल्यात राहिला आणि हळूहळू सरकत गेला, ते सरकणं म्हणजे ‘ड्रिफ्ट’. पूर्ण नाव अँटिजेनिक ड्रिफ्ट.

या नव्या विषाणूवर लस करायची तर नमुना म्हणून कुठला तरी एक विषाणू धरावा लागतो. तो धरला गेला `A/California/7/2009`. हे नाव कसं वाचायचं ते एकदा कळलं की लसीचं खोकं तुम्हाला वाचता येईल. A म्हणजे इन्फ्लुएंझा ए प्रकार, मग नमुना कुठे सापडला ती जागा, मग प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक, मग वर्ष. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये नाकात फवारायची जी ‘नॅसोव्हॅक’ काढली, तिच्यातही हाच कॅलिफोर्निया होता.

आणि हा कॅलिफोर्निया सात वर्षं लसीत टिकला. २०१० पासून २०१६ पर्यंत जगभरच्या फ्लूच्या लशीत एच१एन१ चा घटक तोच. त्याच काळात शेजारचा घटक, म्हणजे एच३एन२, अनेकदा बदलला. त्यामुळे ‘लस दर वर्षी बदलते’ हे वाक्य ढोबळ आहे. एका इंजेक्शनात तीन-चार वेगवेगळे घटक असतात आणि प्रत्येक घटक आपापल्या वेळी बदलतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच अ‍ॅपमध्ये चार लायब्ररी, प्रत्येकीची आवृत्ती वेगळी.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत ठरलं की आता कॅलिफोर्निया काढा आणि `A/Michigan/45/2015` घाला. सात वर्षांत असं काय झालं?

आधी विषाणूची रचना, पटकन. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर टोकदार खिळ्यांसारखं एक प्रथिन असतं, हिमॅग्लुटिनिन. आपण त्याला एचए म्हणू. या खिळ्याच्या डोक्याने विषाणू आपल्या श्वासनलिकेतल्या पेशींना चिकटतो. आपल्या अँटिबॉडी येऊन त्या डोक्यावरच बसतात, म्हणजे त्याला चिकटायला जागा उरत नाही. लसीचं मुख्य काम या डोक्याची ओळख करून देणं.

आता विषाणू स्वतःची प्रत काढतो तेव्हा चुका करतो. आपल्या पेशी डीएनएची प्रत काढताना लिहिलेलं तपासून दुरुस्त करतात. फ्लूकडे तो तपासनीसच नाही. एका संसर्गात विषाणूच्या कोट्यवधी प्रती निघतात, त्यातल्या कित्येकींत एखादं अक्षर इकडचं तिकडे. बहुतेक चुकांनी विषाणू निकामी होतो, काहींनी काहीच फरक पडत नाही.

पण नुसत्या चुका पुरेशा नाहीत, आणि इथेच गोवराचं उत्तर आहे. गोवराचा विषाणूसुद्धा आरएनएचा, तोही प्रती काढताना भरपूर चुकतो. पण त्याच्या पृष्ठभागावरच्या ज्या जागा आपल्या अँटिबॉडी पकडतात, त्या बदलल्या तर त्याला पेशीत शिरणंच जमत नाही. बदललेला गोवर जगत नाही, म्हणून साठच्या दशकातली लस आजही चालते. फ्लूच्या एचएचं डोकं मात्र भलतंच लवचिक. पेशीला चिकटायचा खळगा तेवढा शाबूत ठेवायचा, त्याच्या आजूबाजूला हवं ते बदलायचं, तरी काम चालू.

त्यात निवड करायला आपण बसलेलो असतो. २००९-१० मध्ये लाखो लोकांना हा फ्लू होऊन गेला, काहींनी लस घेतली. म्हणजे वस्तीत अँटिबॉडी तयार. अशा वस्तीत मूळ कॅलिफोर्नियाला पसरणं अवघड, आणि ज्याचं डोकं जरासं वेगळं त्याला सोपं. विषाणूला काही ‘ठरवावं’ लागत नाही. जो अडत नाही तो पुढे जातो, इतकंच.

आता प्रत्यक्ष काय बदललं ते बघू. एचए प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साडेपाचशेहून थोडी मोठी माळ. प्रत्येक मण्याला एक अक्षर. डोक्याच्या वरच्या भागात, अँटिबॉडींच्या आवडत्या जागेवर, १६२, १६३ आणि १६४ क्रमांकाचे तीन मणी शेजारी शेजारी आहेत. त्यांचा इतिहास असा:

```
A/California/7/2009   S K S
2013-14 (6B)          S Q S
A/Michigan/45/2015    N Q S
```

फक्त तीन ओळी. प्रथिनात इतर बदलही झाले, पण गोष्टीचा गाभा इथे आहे.

पहिला बदल मधल्या मण्यात. K म्हणजे लायसिन, त्यावर धन विद्युतभार असतो. त्याच्या जागी Q आला, म्हणजे ग्लुटामिन, ज्याच्यावर भार नसतो. जी अँटिबॉडी बरोबर त्या लायसिनला धरून बसत होती, तिची पकड सुटली. हा बदल असलेला गट 6B नावाने ओळखला गेला आणि २०१३-१४ च्या मोसमात सगळीकडे तोच दिसू लागला.

दुसरा बदल पहिल्या मण्यात: S चा N झाला. यात एक गंमत आहे. आपल्या पेशींचा एक ठरलेला नियम असतो: प्रथिनात N दिसला, त्यापुढे प्रोलिन सोडून कुठलाही मणी, आणि त्यापुढे S किंवा T असला, तर त्या N वर साखरेच्या रेणूंचा एक झुपका लावायची जागा झाली. वर तिसरी ओळ बघा. N, Q, S. नियमात बरोबर बसतं! म्हणजे एका अक्षराच्या बदलाने विषाणूला डोक्यावर साखरेची टोपी मिळाली, आणि ती टोपी शिवून दिली आपल्याच पेशींनी. आपली साखर असल्यामुळे आपली प्रतिकारशक्ती तिच्याकडे सहसा ढुंकून बघत नाही, आणि खालची जागा झाकली जाते. या गटाला 6B.1 म्हणतात, आणि मिशिगन त्याच गटातला.

इथपर्यंत ऐकून वाटेल की सोपं आहे. जनुकक्रम वाचायचा, फरक दिसला की लस बदलायची. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तर हे फारच पटतं, `diff` मारा आणि मोकळे व्हा. पण तसं नाही. अक्षर बदललं म्हणजे ओळख बदललीच असं नसतं. दहा ठिकाणी बदल होऊनही जुनी अँटिबॉडी व्यवस्थित बसू शकते, आणि एकाच ठिकाणच्या बदलाने सगळं बिघडू शकतं. म्हणून खरी परीक्षा प्लेटवर होते.

ती परीक्षा जुनी आणि छान आहे. फ्लूच्या विषाणूत तांबड्या रक्तपेशी मिसळल्या की तो त्यांना एकमेकींना चिकटवून जाळं करतो. पेशी खाली बसत नाहीत, खळग्यात पातळ थर दिसतो. आधी अँटिबॉडी असलेला रक्तद्रव घातला तर विषाणूचं डोकं झाकलं जातं, जाळं होत नाही, आणि पेशी तळाशी लाल बटणासारख्या गोळा होतात. मग रक्तद्रव पातळ करत जायचं: दहापट, वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट. किती पातळ होईपर्यंत बटण दिसतं, तो आकडा लिहायचा. समजा कॅलिफोर्नियाविरुद्धचा रक्तद्रव कॅलिफोर्नियाला १२८० पट पातळ करूनही अडवतो आणि नव्या विषाणूला ६४० पर्यंत. एका पायरीचा फरक, चालसे. पण नव्याला फक्त १६० पर्यंतच अडवला, म्हणजे आठपट घट, तर समजायचं की विषाणू सरकलाय.

हा रक्तद्रव कुणाचा घेतात? फेरेटचा. मुंगसाच्या चणीचा लांबट प्राणी, त्याला माणसासारखाच फ्लू होतो, शिंकतोही. प्रयोगशाळेतल्या फेरेटला आयुष्यात आधी फ्लू झालेला नसतो. त्याला एकच विषाणू दिला की त्या एकाच विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी मिळतात, पाटी अगदी कोरी. तुलनेसाठी हे उत्तम.

आणि याच कोऱ्या पाटीने इथे फसवलं.

कॅलिफोर्नियाच्या फेरेटचा रक्तद्रव K च्या जागी Q आलेल्या विषाणूला आरामात अडवत होता. प्लेटवर काही बदल दिसेना. म्हणून लस तशीच राहिली. पण २०१३-१४ मध्ये अमेरिकेत दिसलं की मध्यमवयीन माणसं नेहमीपेक्षा जास्त आजारी पडतायत. फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये याचा छडा लावला. त्यांनी फेरेटऐवजी माणसांचं रक्त तपासलं. साधारण १९६५ ते १९७९ दरम्यान जन्मलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या अँटिबॉडी नेमक्या त्या एका लायसिनवर एकवटलेल्या होत्या. तो गेला आणि त्यांचं संरक्षण ढिलं पडलं.

हे याच वयाच्या लोकांना का? एच१एन१ जात १९५७ मध्ये माणसांतून गायब झाली होती आणि १९७७ मध्ये परत आली. १९७७ नंतरच्या काही वर्षांतल्या विषाणूंच्या डोक्यावरही त्या जागी तसाच मणी होता. ही मंडळी तेव्हा लहान होती, त्यांना तो फ्लू होऊन गेला, आणि शरीराने तो खुणेचा मणी लक्षात ठेवला. १९८६ च्या सुमारापासून त्या जुन्या एच१एन१ ने दुसरीकडे साखरेची टोपी घातली आणि ती जागा झाकली गेली. म्हणून नंतर जन्मलेल्यांना ती खूण दिसलीच नाही. २००९ चा नवा विषाणू आला, लस घेतली, तेव्हा चाळिशीतल्यांच्या शरीराने नव्याने पाठ करण्याऐवजी जुनी आठवण वर काढली. ओळख पटली, पण एकाच खुणेवर. संशोधकांनी ताडून बघायला फेरेटला आधी जुना एच१एन१ आणि मग २००९ चा विषाणू दिला, तेव्हा फेरेटच्या अँटिबॉडीसुद्धा त्याच लायसिनवर एकवटल्या.

मला या सगळ्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. विषाणू किती सरकला याला एकच उत्तर नाही, ते बघणाऱ्यावर अवलंबून आहे. फेरेटला सरकलेला दिसत नाही, विशीतल्या मुलाला थोडा सरकलेला, आणि त्याच्या वडिलांना पार अनोळखी, असं एकाच विषाणूच्या बाबतीत होऊ शकतं.

साखरेची टोपी आल्यावरही फेरेट जुनंच गाणं गात होते. पण लस घेतलेल्या माणसांचं रक्त सांगत होतं की कॅलिफोर्नियाच्या लसीने तयार झालेल्या अँटिबॉडी नव्या 6B.1 विषाणूंना नीट अडवत नाहीत, खास करून काही प्रौढांमध्ये. सप्टेंबर २०१६ च्या निर्णयात माणसांच्या रक्ताचा हाच पुरावा मुख्य ठरला. मिशिगन लसीत आला तो असा.

आता आपल्याकडे या. भारतात प्रयोगशाळेत खात्री झालेले एच१एन१ चे रुग्ण २०१५ मध्ये ४२ हजारांहून जास्त होते आणि जवळपास ३ हजार मृत्यू. २०१६ मध्ये रुग्ण दोन हजारांच्याही खाली आले. आणि २०१७ मध्ये पुन्हा ३८ हजारांच्या वर, सव्वादोन हजारांच्या आसपास मृत्यू. त्यातले साडेसातशेहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. त्या वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, एनआयव्हीने, तपासलेल्या नमुन्यांत मिशिगनसारखाच विषाणू सापडला.

एक सावधगिरी. २०१७ ची लाट फक्त या बदलामुळे आली असं म्हणता येत नाही. लोकांची प्रतिकारशक्ती वर्ष-दीड वर्षात ओसरतेही, हवामानाचा वाटा असतो, तपासण्या किती झाल्या यानेही आकडे बदलतात. आणि भारतात फ्लूची लस घेणारे इतके कमी की लस जुनी होती म्हणून लाट आली, हे गणित मुळातच जुळत नाही. विषाणू मुख्यतः आधी आजारी पडून गेलेल्यांच्या अँटिबॉडी चुकवत होता.

पण ज्यांनी लस घेतली त्यांच्यासाठी २०१७ चा पावसाळा फार बोलका आहे. फ्लूची लस वर्षातून दोनदा ठरते. फेब्रुवारीच्या शेवटी उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरच्या शेवटी दक्षिण गोलार्धासाठी. जगभरातल्या दीडशेच्या आसपास प्रयोगशाळा वर्षभर नमुने गोळा करतात, आपली एनआयव्ही त्यातलीच. निर्णयानंतर लस बाजारात यायला सहा महिने तरी लागतात, कारण बरीचशी लस अजूनही कोंबडीच्या अंड्यांत वाढवली जाते. अंड्यात वाढताना विषाणू कधी कधी अंड्याला सोयीचा असा आणखी बदलतो, ती डोकेदुखी वेगळीच. शिवाय त्या सहा महिन्यांत बाहेरचा विषाणू थांबून राहत नाही. म्हणून लस हा नेहमी अंदाज असतो, कधी चांगला, कधी चुकलेला.

भारत भूगोलाने उत्तर गोलार्धात. पण आपला फ्लू नकाशा बघून येत नाही. श्रीनगरात तो थंडीत वाढतो, आणि मुंबई-पुण्यात मुख्य जोर पावसाळ्यात. म्हणजे आपल्याला लस हवी एप्रिल-मेमध्ये. आता बघा. २०१७ च्या एप्रिलमध्ये कुणाला उत्तर गोलार्धाचं २०१६-१७ चं उरलेलं खोकं मिळालं, तर त्यात एच१एन१ चा घटक कॅलिफोर्निया. दक्षिण गोलार्धाचं २०१७ चं मिळालं, तर त्यात मिशिगन. एकच महिना, एकच दुकान असू शकतं, आणि समोर येणारा विषाणू मिशिगनसारखा.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्या मित्राला माझं उत्तर: खोक्यावर वर्ष आणि SH किंवा NH असं बघ. SH म्हणजे दक्षिण गोलार्ध, NH उत्तर. पावसाळ्याआधी घेत असशील तर त्या वर्षीची SH ही त्या वेळची सगळ्यात ताजी यादी असते. डॉक्टरांना विचारायला लाजू नकोस, नेरुळ-जुईनगरमधल्या दवाखान्यांत मी विचारून पाहिलंय, बहुतेक जण खोकं दाखवतात. आणि यादी मागच्या वर्षीचीच असली तरी लसीचा जोर काही महिन्यांत कमी होतो, म्हणून पुन्हा घ्यायला सांगतात. कॅलिफोर्नियाच्या त्या सात वर्षांतही सल्ला दर वर्षी घ्यायचाच होता.

तीच सात वर्षं आता अपवाद वाटतात. मिशिगननंतर एच१एन१ च्या घटकाची नावं बघा: `A/Brisbane/02/2018`, मग `A/Guangdong-Maonan/SWL1536/2019`, मग `A/Victoria/2570/2019`, मग `A/Sydney/5/2021`, मग `A/Victoria/4897/2022`. अंड्यातल्या लशीसाठी २०१९ ते २०२३ या काळात इतके बदल. आणि मजा म्हणजे, वरच्या तक्त्यातला तिसरा मणी, जो S होता, तोही ब्रिस्बेनपर्यंत T झाला होता. साखरेचा नियम आठवतोय ना? S किंवा T, दोन्ही चालतात. टोपी जागच्या जागी.

पुढच्या भागात एच३एन२, तो याहून खोडकर आहे. प्रश्न असतील तर पाठवा, व्हॉइस नोट असली तरी चालेल, फक्त पाच मिनिटांची नको.